चार वर्षं हाफ मॅरेथॉन २:०६ वरच अडकलीय, आधी काय बदलू?

प्रश्न: वय ४१, पुण्यात राहतो, आयटीत नोकरी. गेली चार वर्षं माझं ठरलेलं आहे, मंगळवार-गुरुवार ८-८ किमी आणि रविवारी ग्रुपबरोबर १६. पेस कायम ६:१० च्या आसपास, हार्ट रेट १५८ ते १६२. मुंबई हाफचे टाइम २:०७, २:०५, २:०६. पुण्यात १० के ५५ मिनिटांत होते. ग्रुपमधले म्हणतात इंटरव्हल सुरू कर, एक जण म्हणतो कार्बन प्लेटचे शूज घे. जानेवारीत परत मुंबई आहे. आधी काय बदलू?

उत्तर:

तुमच्या आकड्यांमध्ये मला सगळ्यात आधी दिसली ती १० के ची ५५ मिनिटं. पीट रीगल नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये एक साधं सूत्र दिलं होतं, एका अंतराच्या टाइमवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज काढायचं, आज ऑनलाइन जे रेस कॅल्क्युलेटर मिळतात त्यातले बरेचसे त्याच्यावरच चालतात. १० के वरून हाफ काढायची असेल तर हिशोब जवळपास २.२ ने गुणायचा येतो. ५५ गुणिले २.२ म्हणजे १२१ मिनिटं, २ तास १ मिनिट. तुमची हाफ होते २:०६ ला. म्हणजे पायात जेवढा स्पीड ऑलरेडी आहे तेवढा सुद्धा २१ किलोमीटरपर्यंत टिकत नाहीये, पाच मिनिटं कुठेतरी गळतायत. हेच जर तुमची १० के ५७ मिनिटांची असती तर मी म्हटलं असतं दोन्ही एकाच जागी अडकलेत, तेव्हा उत्तर थोडं वेगळं असतं.

आता यात एक सूट द्यायला हवी. १० के तुम्ही पुण्यात पळालात, बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, आणि हाफ मुंबईत. जानेवारीत सुद्धा मुंबईच्या हवेत दमटपणा असतो, घाम निथळतो पण वाळत नाही, त्यात पेडर रोडचा चढ. पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्या माणसाचे तिथे दोन-तीन मिनिटं जातात हे मी दरवर्षी बघतो. तेव्हा त्या पाच मिनिटांपैकी निम्मी हवेच्या खात्यात टाका, तरी निम्मी उरतात, आणि शिवाय चार वर्षं १० के पण हललेली दिसत नाही. घड्याळाच्या ॲपमध्ये रेसचे स्प्लिट्स असतील ते एकदा काढून बघा. पहिले १३-१४ किलोमीटर ५:५० ने आणि नंतर हळूहळू ६:१०, ६:२० असं दिसलं तर माझा अंदाज पक्का समजा.

खरी अडचण मला वाटते ती अशी, की तुम्ही आठवड्यातून तीनदा एकच रन करताय, फक्त त्याची लांबी वेगळी. २:०६ ची हाफ म्हणजे ५:५८ चा पेस. तुमचा रोजचा पेस ६:१०. रेसपेक्षा जेमतेम १२ सेकंद हळू, म्हणजे मंगळवार, गुरुवार, रविवार तिन्ही दिवस तुम्ही अर्धी रेसच पळताय. हा पेस असा फसवा आहे की पळताना मस्त वाटतं, घाम येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण तो दम वाढवण्यासाठी जास्त जोराचा आहे आणि स्पीड वाढवण्यासाठी कमी जोराचा. सुरुवातीच्या वर्षात त्याने फायदा झाला असणार, कारण तेव्हा शरीराला काहीही नवीनच होतं. पण शरीर एकाच कामाला काही महिन्यांत सरावतं, आणि सरावलं की तेवढ्यापुरतंच तयार राहतं, पुढे जायचं त्याला काही कारण उरत नाही. तुमच्या बाबतीत हे तीन वर्षांपूर्वीच झालं असावं.

त्यात दुसरी गोष्ट, आठवड्याचे ३२ किलोमीटर आणि त्यातले १६ एकट्या रविवारी. निम्मा आठवडा एका सकाळी. सोमवारी पाय जड, मंगळवारी जेमतेम बरे, आणि मंगळवारी परत ६:१०. म्हणून चौथा दिवस टाकायचा विचारच तुमच्या मनात येत नसेल, पायच नाही म्हणत असतील.

तर आधी काय बदलायचं: चौथा दिवस वाढवायचा. आणि तो मावावा म्हणून बाकीचे तिन्ही दिवस हळू करायचे. या दोन्ही गोष्टी एकत्रच करायच्या, कारण एकटी एक केली तर उपयोग होत नाही. हे जरा नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक घसरतात.

स्टीफन सायलर नावाचे एक संशोधक आहेत, मूळचे अमेरिकन पण काम नॉर्वेमध्ये, त्यांनी वरच्या दर्जाच्या रोइंग, स्कीइंग, रनिंगवाल्या खेळाडूंचा सराव तपासला आणि दिसलं की साधारण ८० टक्के सेशन अगदी आरामातली आणि २० टक्के खरोखर कडक असतात. तिथून ते ८०-२० सगळीकडे पसरलं. आता होतं काय, की तीन दिवस पळणारा माणूस ते वाचतो, तिन्ही दिवस हळू पळायला लागतो, आणि तीन महिन्यांनी म्हणतो टाइम उलट वाढला. वाढणारच ना. ते खेळाडू आठवड्याला दहा-पंधरा-वीस तास सराव करतात, त्यांना एवढं मावावं म्हणून हळू जावं लागतं. तुम्ही आठवड्याला साडेतीन तासांच्या आत आहात. तेवढ्याच तासांत नुसतं हळू केलं तर एकूण कामच कमी झालं. हळू पळण्याने आपोआप कोणी फास्ट होत नाही, हळू पळण्याने पाय मोकळे राहतात आणि मग जास्त पळता येतं, आणि त्या जास्तीच्या तासांनी दम वाढतो. पायाच्या स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढणं, पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी जी यंत्रणा असते ती वाढणं, हे सगळं हळू पेसवर पण छान होतं, त्याला लागतात ते तास आणि आठवडे.

मग इंटरव्हल का नकोत? नकोत असं नाही, आत्ता नकोत. ४०० चे आठ किंवा ८०० चे पाच मारलेत तर सहा-आठ आठवड्यांत थोडा फरक दिसेल, १० के कदाचित ५४ होईल, पण तुमची गळती शेवटच्या सात किलोमीटरमध्ये आहे आणि तिथे ट्रॅकवरचे ४०० फार मदतीला येत नाहीत. शिवाय सध्याच्या तीन अर्ध्या-कडक दिवसांवर आणखी एक पूर्ण कडक दिवस चढवला तर आठवड्यात हलका दिवसच राहत नाही. चाळिशीनंतर अशा वेळी पहिल्यांदा तक्रार येते ती पोटरीची नाहीतर अकिलीसची, म्हणजे टाचेच्या वरची ती जाड शीर, आणि ती एकदा दुखायला लागली की दोन-तीन महिने सहज जातात. आधी बैठक वाढवू, मग कडक काम देऊ.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

तुमचा हळू पेस साधारण ६:५० ते ७:१५ यायला हवा. पण पेसच्या आकड्यावर जाऊ नका, चढ, वारा, ऊन, झोप यावर तो रोज बदलतो. हार्ट रेटवर पण आंधळा विश्वास नको, कारण २२० वजा वय हे सूत्र तुमच्यासाठी १७९ सांगेल आणि प्रत्यक्षात तुमचा मॅक्स १६८ असू शकतो किंवा १९० पण असू शकतो. शिवाय मनगटावरचं घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. घड्याळ १६५ दाखवतंय, कॅडेन्स पण १६५, आणि तुम्ही मात्र आरामात गप्पा मारताय असं झालं तर ते घड्याळाचं चुकलेलं आहे, छातीचा पट्टा लावून एकदा खात्री करा. माझी साधी टेस्ट म्हणजे पळताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. बारा एके बारा पासून बारा पंचे साठ पर्यंत एका लयीत जाता आलं तर पेस बरोबर, दर दोन आकड्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं तर हळू करा. लोक बघतात, बघू द्या. तुमचं हळू रनिंग हार्ट रेटमध्ये बहुतेक १४०-१४८ च्या आसपास बसेल असा माझा अंदाज, पण पाढा काय म्हणतो ते आधी.

पहिले चार आठवडे मंगळवार ८, गुरुवार ८, रविवार १६ हे अंतर जसंच्या तसं ठेवा, फक्त तिन्ही हळू, आणि शुक्रवारी ५ किलोमीटर टाका, तेही पाढ्याच्या पेसने. झाले ३७. शुक्रवारच का, तर गुरुवारचे ८ आता हलके असतील, शनिवार सुट्टी आणि रविवारी पाय ताजे. सोमवारी अजिबात टाकू नका. चौथ्या आठवड्यात सगळंच थोडं कमी करा, रविवारी १२ आणि शुक्रवार गाळा, म्हणजे २८. ही कमी केलेली वीक लोकांना आळस वाटते आणि नेमकी तीच सगळे गाळतात, पण हाडं आणि शिरा दमापेक्षा सावकाश तयार होतात, त्यांना तेवढी उसंत द्यावी लागते.

पाच ते आठ आठवड्यांत बुधवार उघडा, ५ किलोमीटर, एकदम रमतगमत, आणि शुक्रवारचे ५ चे ७ करा. आता मंगळवार ८, बुधवार ५, गुरुवार ८, शुक्रवार ७, रविवार १६, एकूण ४४. आठव्यात परत उतरवायचं. रविवारचे १६ अजून वाढवायचे नाहीत, मोह होईल, पण एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, नाहीतर दुखलं तर कशाने दुखलं ते कळत नाही. बघा, आता रविवार हा आठवड्याच्या निम्मा न राहता एक तृतीयांशाच्या जरा वर आला, आणि सोमवारचे ते जड पाय तुम्हाला बरेच हलके वाटायला लागतील.

रविवारच्या ग्रुपचं काय, हा खरा अवघड भाग. सहाला सगळे जमतात, पहिला किलोमीटर सगळे ७ ने जातात, दुसऱ्यात कोणीतरी पुढे सरकतं आणि पाचव्याला सगळे ६:१० वर. तुम्ही एकटे मागे राहिलात तर वाईट वाटतं आणि दोन रविवारांनी तुम्ही परत जुन्या पेसला. बहुतेक ग्रुपमध्ये २:३० ची एक बस असते, पेसर ७ च्या पुढेमागे चालवतो, सरळ त्या बसमध्ये बसा. नाहीतर ग्रुपच्या अर्धा तास आधी निघा आणि चहाला त्यांच्याबरोबर या. चहा आणि पोहे सोडायचं काही कारण नाही.

एक केस सांगतो म्हणजे हे कसं घडतं ते दिसेल. आमच्याकडे एक शिक्षिका पळायला येतात, शाळेत गणित शिकवतात, वय ४६. तीन वर्षं हाफ २:१४ ते २:१६, आठवड्याला तीन दिवस, ३० किलोमीटर, सगळं एका पेसने, अगदी तुमचीच गोष्ट. १० के ५९ मिनिटं. २.२ ने गुणलं की २:१० येतं, म्हणजे त्यांच्याकडेही चार-पाच मिनिटांची गळती. त्यांना मी हळू करायला सांगितलं तेव्हा पहिल्या आठवड्यात त्या जवळपास भांडल्याच. वेताळ टेकडीवर जायच्या त्या, चढावर १४८ च्या खाली ठेवायचं म्हटलं तर चालायलाच लागायचं, घड्याळ बीप करायचं आणि काठी घेऊन फिरायला आलेले आजोबा त्यांच्या पुढे निघून जायचे. सर हे काय आहे, मी मागे चाललेय, असं रोज. मी म्हटलं चढावर चाला, सपाटीवर पळा, चार आठवडे माझ्यावर सोडा.

चौथा दिवस आला, मग पाचवा. सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. विचारलं तर कळलं की शाळेच्या वेळापत्रकामुळे त्यांनी पाचवा दिवस सोमवारी टाकला होता, रविवारच्या लाँग रननंतर लगेच, आणि तोही सोसायटीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावर गोल गोल, एकाच बाजूला वळत. हाडावर बोट दाबून बघितलं, एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखत नव्हतं, बोटभर लांबीच्या पट्ट्यात हलकं दुखत होतं, म्हणून स्ट्रेस फ्रॅक्चरची भीती कमी, तरी डॉक्टरांना दाखवून घेतलं. आठवडाभर रनिंग बंद, नंतर तो दिवस बुधवारी नेला आणि मातीच्या ग्राउंडवर. परत दुखलं नाही.

बाराव्या आठवड्यापर्यंत त्या ४३-४४ किलोमीटर करत होत्या आणि १४८ च्या हार्ट रेटला सपाटीवर जिथे सुरुवातीला ७:४० चा पेस यायचा तिथे ७:१५ यायला लागला. त्यानंतर थोडं कडक काम केलं, ते पुढे सांगतो, आणि जानेवारीत मुंबईत २:०८. यात मजा अशी की त्या सीझनला १० के झाली ५८, म्हणजे फक्त एका मिनिटाचा फरक. स्पीड जवळपास तेवढाच राहिला, पण जो होता तो शेवटपर्यंत टिकला, पेडर रोडनंतर पहिल्यांदाच त्या लोकांना ओव्हरटेक करत होत्या.

आता तुम्हाला कसं कळणार की हे लागू पडतंय? रेसची वाट बघायची गरज नाही. घराजवळचा एखादा सपाट लूप धरा, विद्यापीठाच्या आतला रस्ता असो नाहीतर नदीकाठ, १५ मिनिटं वॉर्मअप करून ५ किलोमीटर पळा आणि हार्ट रेट १४५ च्या आसपास धरून ठेवा, पेस जो येईल तो. टाइम लिहून ठेवा. दर चार आठवड्यांनी तेच, त्याच वेळेला, तेच शूज, आदल्या दिवशी सुट्टी. समजा आज ३६ मिनिटं लागली आणि आठ आठवड्यांनी त्याच ठोक्यांना साडेचौतीस, तर गाडी रुळावर आहे. दुसरी खूण रविवारी दिसते, एकाच पेसने पळताना दुसऱ्या ८ किलोमीटरमध्ये हार्ट रेट पहिल्या आठपेक्षा किती चढतो. आत्ता तो दहा-बारा चढत असेल, हळूहळू पाच-सहावर यायला हवा.

पण पुण्याच्या हवेचं एक लक्षात ठेवा. आत्ता पावसाळा आहे, थंडगार, ऑगस्टपर्यंत आकडे छान दिसतील. मग ऑक्टोबर हीट येते आणि त्याच पेसला हार्ट रेट आठ-दहा वर जातो, लोक घाबरतात, सगळी मेहनत वाया गेली म्हणतात आणि तिथेच प्लॅन मोडतात. वाया काही गेलेलं नसतं. ऑक्टोबरच्या टेस्टची तुलना ऑगस्टशी करू नका, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. आणि खरं तर तो उकाडा मुंबईसाठी चांगलाच, ऑक्टोबरमध्ये आठवड्यातला एखादा हळू रन मुद्दाम साडेसात-आठला करा, पाणी-मीठ सांभाळून, उन्हाची थोडी सवय होते. अर्थात तीन-चार आठवड्यांनी ती सवय जाते, म्हणून डिसेंबरच्या शेवटी परत थोडं उन्हात पळावं लागतं.

बिघडतंय हे कसं ओळखायचं: सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच ठोके मोजा. नेहमीपेक्षा सहा-सात जास्त, आणि तेही तीन-चार दिवस सलग, तर दोन दिवस सुट्टी घ्या. ऑफिसचं रिलीज असेल, रात्री दोनपर्यंत कॉल असतील तर तो आठवडा वाढवायचा नाही, आहे तेवढंच किंवा कमी. दुखण्याचं म्हणाल तर पळताना सुरुवातीला दुखतं आणि दहा मिनिटांत जातं ते चालवून घेता येतं, पळता पळता वाढत जाणारं किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना लंगडायला लावणारं चालवून घ्यायचं नाही.

आठ आठवडे नीट गेले की मग मंगळवार कडक करायचा, आणि फक्त मंगळवार. २ किलोमीटर वॉर्मअप, मग ५ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दीड मिनिट हळू जॉग, शेवटी २ किलोमीटर कूलडाऊन. तुकड्यांचा पेस तुमच्या १० के पेसपेक्षा पाच-दहा सेकंद हळू, म्हणजे ५:३५ ते ५:४०. एकूण अंतर परत ८ च्या आसपासच येतं बघा. हे जोर लावून मारायचं सेशन नाही, चौथा तुकडा संपल्यावर अजून एक झाला असता असं वाटलं पाहिजे. पहिला ५:१५ ने मारून चौथ्यात मरत असाल तर ते सेशन गेलं. तीन-चार आठवड्यांनी तेच ८ मिनिटांचे तीन करा. आणि २ तासांच्या हाफचा पेस काढा, ५:४१ येतो, म्हणजे हे तुकडे जवळपास त्याच पेसचे आहेत, पायांना तो ओळखीचा होईल. याच टप्प्यात रविवार १६ चा १८ आणि मग १९ करा, आणि एक रविवार सोडून शेवटचे ४ किलोमीटर ५:४५ च्या आसपास. ग्रुपमध्ये असाल तर बसमधून उतरायची हीच वेळ.

आता हे कोणाला लागू नाही ते. तुम्हाला तीनच दिवस शक्य असतील, लहान मुलं आहेत, शिफ्ट आहे, तर चौथ्या दिवसाचा सगळा हिशोब बाद. मग मंगळवार वरचं ५ मिनिटांच्या तुकड्यांचं सेशन, गुरुवार हळू पण ८ चे १०-११, रविवार हळू १६ ते १८ आणि शेवटचे काही किलोमीटर रेस पेसने. तीन दिवसांत तीन वेगळी कामं व्हायला हवीत, एवढं तरी नक्की करा. यातून पण दोन-तीन मिनिटं निघतात, पण छत लवकर लागतं.

आणि वाढवण्याआधी एकदा रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी १२ आणि लोह कमी असणं इतकं कॉमन आहे की दम अडकला म्हणून आलेल्या माणसाला मी प्रॅक्टिसचं विचारायच्या आधी रिपोर्टचं विचारतो. हिमोग्लोबिन नॉर्मल दिसत असताना फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून ते वेगळं सांगून करून घ्या. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा, जास्त लोहही वाईट. तुम्ही चाळिशीच्या पुढे आहात आणि कडक सेशन सुरू करणार आहात तर घरात कोणाला लवकर हार्टचा त्रास झालाय का ते सांगून डॉक्टरांकडून एकदा हिरवा कंदील घ्या. पळताना छातीत दडपल्यासारखं झालं किंवा चक्कर आली तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे जा.

शूजचं उत्तर छोटं आहे. कार्बन प्लेटवाल्यांनी थोडा फरक पडतो, पण तो रेसच्या दिवशी, आणि तुमच्या पेसला किती पडेल ते माणसागणिक बदलतं. पोटरीवर मात्र वेगळा ताण येतो, तेव्हा घ्यायचेच तर डिसेंबरमध्ये घ्या, दोन मंगळवार आणि एक रविवार त्यात पळून बघा. किलोमीटर वाढवायच्या या महिन्यांत रोजचे साधे दोन जोड आलटून पालटून वापरा, तो खर्च जास्त कामाचा.

जुलैत सुरू केलंत तर सप्टेंबरअखेरीला बारा आठवडे होतात. मध्ये सातारा हिल हाफला नाव घातलं असेल तर टाइमसाठी पळू नका, चढ पाढ्याच्या पेसने आणि उतारावर स्वतःला आवरून, कारण त्या उताराने मांड्या आठवडाभर धरतात आणि पुढचे दोन मंगळवार जातात. ऑक्टोबर जसा जाईल तसा, नोव्हेंबरच्या शेवटी एक १० के फुल जोरात पळा. ५४ आली आणि रविवारी शेवटचे ४ किलोमीटर ५:४५ ने आरामात निघत असतील तर मुंबईत पहिले १० किलोमीटर ५:४८ ने धरा, त्याच्या वर नाही, हवा साथ देत असेल तरच पेडर रोडनंतर सोडा. १४५ च्या ठोक्यांचा लूप टाइम नोव्हेंबरपर्यंत अजिबातच हलला नाही, रिपोर्ट पण नॉर्मल आहेत, झोप पण होतेय, तर रेसचे स्प्लिट्स, लूपचे आकडे आणि त्या बारा आठवड्यांचे खरे झालेले किलोमीटर इथे टाका, ठरवलेले नाही, झालेले.